नऊ इंची काच, एक इंची स्क्रू

ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, रात्री दीडच्या सुमारास बाथरूममधून खळ्ळकन आवाज आला. दिवा लावून पाहिले तर कोपऱ्यातले काचेचे शेल्फ खाली आले होते. शाम्पूची बाटली बादलीमागे, साबण जाळीपाशी आणि फरशीभर काच. काही तुकडे वीतभर लांब, सुरीच्या पात्यासारखे निमुळते. आत कोणी नव्हते म्हणून निभावले.

काच पातळ होती म्हणून असे झाले, असे सकाळी सगळ्यांचे मत पडले. काच ५ मिमीची होती हे खरेच. घरातल्या काकूंनी दुकानात जाऊन ८ मिमीची टफन काच आणली. मिस्त्रीने जुन्याच भोकांत थोडे पांढरे सिमेंट भरले, जुन्याच गिट्ट्या पुन्हा ठोकल्या आणि नवी काच बसवून दिली. सहा महिन्यांनी उजवीकडचा ब्रॅकेट टाइलपासून आगपेटीच्या काडीएवढा सुटला आणि शेल्फ पुढे झुकले. या वेळी ते वेळेवर लक्षात आले. शेल्फ उतरवल्यावर उजवीकडची गिट्टी स्क्रूसकट हातात आली. तिच्यावर लाल विटेचा एक कणही नव्हता. पुढच्या टोकाला टाइलची पांढरी भुकटी होती आणि उरलेल्या भागावर करडे सिमेंट. स्क्रू होता एक इंचाचा. म्हणजे दोन्ही वेळा शेल्फ भिंतीला लावलेले नव्हतेच. ते टाइल आणि तिच्यामागच्या प्लॅस्टरला लटकवलेले होते.

कोपऱ्यातली काचेची शेल्फे बहुतेक वेळा अशीच पडतात. काच बाटल्यांच्या ओझ्याने मोडत नाही, तिला धरणारी पकड सुटते. तरीही दुकानात सगळी चौकशी काचेचीच होते, त्यामुळे सुरुवात काचेपासूनच केलेली बरी.

काचेचे वजन काढणे सोपे आहे. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. नऊ इंच बाजूचे, पुढून गोल असलेले कोपऱ्याचे शेल्फ ५ मिमीचे असेल तर अर्धा किलो आणि ८ मिमीचे असेल तर साधारण ८०० ग्रॅम भरते. त्यावर एक लिटरची शाम्पूची बाटली, कंडिशनर, फेसवॉश, साबणदाणी असे तीन-साडेतीन किलो सामान येते. एवढ्या छोट्या काचेला हे ओझे काहीच नाही. ५ मिमीची साधी काचसुद्धा ते वर्षानुवर्षे पेलते.

मग जाड काच घ्यायचीच कशाला? कारण बाथरूममध्ये माणूस घसरतो. पाय निसटला की हात जे सापडेल ते धरतो आणि कोपऱ्यात नेमके हेच शेल्फ हाताशी असते. त्या क्षणी काचेवर तीन किलो नाही, तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त किलोंचा झटका बसतो. काचेची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. ८ मिमीची काच ५ मिमीच्या काचेपेक्षा दीडपट जाड असली तरी ताकदीने अडीचपट भरते. वाकण्याच्या बाबतीत हिशेब घनाचा असतो, त्यामुळे तीच काच चौपट ताठ राहते. नऊ-दहा इंची शेल्फाला ८ मिमी हे योग्य माप आहे. बारा इंची असेल तर १० मिमी घ्यावी. ६ मिमीची, म्हणजे दुकानदार ज्याला दोन सूत म्हणतात ती काच छोट्या शेल्फाला चालते, पण टफन असेल तरच.

टफन काचेबाबत तडजोड करू नये. साधी काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड केली की तिचा पृष्ठभाग दाबाखाली येतो आणि ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. त्याहून मोलाचे हे की ती फुटली तर तिचे बोथट खडे होतात, पाती होत नाहीत. ठाण्यातल्या त्या घरात पहिल्या रात्री फरशीवर पाती होती, यावरूनच ती काच टफन नव्हती हे कळते. ओळखायची खूण म्हणजे काचेच्या कोपऱ्यात कायमचा कोरलेला शिक्का. भारतात अशा सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे. शिक्का दिसत नसेल तर पोलराइज्ड गॉगल घालून काच उजेडाकडे तिरकी धरावी. टफन काचेत बहुधा फिकट-गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेत दिसत नाहीत. काचेची हिरवट कड पाहून काहीही ठरवता येत नाही. तो रंग काचेतल्या लोहामुळे येतो आणि तो दोन्ही प्रकारांत असतो.

टफन काचेची एक अट असते. एकदा टफन झालेली काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. तसा प्रयत्न केला तर ती जागीच खडे होऊन पडते. त्यामुळे माप आधी बरोबर घ्यावे लागते आणि इथे कोपरा आडवा येतो.

घरांचे कोपरे क्वचितच नेमके काटकोनात असतात. प्लॅस्टरची जाडी, टाइलखालचा माल, दोन भिंतींचे दोन वेगळे कारागीर, या सगळ्यांचा फरक शेवटी कोपऱ्यात साचतो. तपासायची जुनी रीत गवंडी रोज वापरतात. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३० सेंटीमीटरवर खूण करायची, दुसरीवर ४० वर, आणि दोन खुणांमधले अंतर मोजायचे. ते बरोबर ५० आले तर काटकोन. कमी आले तर कोपरा आवळलेला, जास्त आले तर उघडा. ज्या उंचीवर शेल्फ येणार त्याच उंचीवर हे मोजावे, कारण खाली आणि वर कोन वेगळा निघू शकतो. फरक चार-पाच मिलिमीटरांचा असेल तर तयार काच चालते. ब्रॅकेट भिंतीपासून थोडी फट ठेवूनच काच धरतो आणि ती फट हवीच असते. काचेची कड टाइलला कधीही घट्ट टेकू नये, दोन-तीन मिलिमीटरांची जागा राहू द्यावी. फरक त्याहून मोठा असेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून तो काचवाल्याला द्यावा आणि त्यावरून काच कापून मग टफन करून घ्यावी. आतल्या टोकाशी काच थोडी छाटलेली असावी. अणकुचीदार टोक टाइलवर आपटून सगळ्यात आधी टवके सोडते, आणि छाटलेल्या जागेतून पाणी निथळून जाते.

आता ब्रॅकेट. बाजारात रूपे अनेक असली तरी कोपऱ्याच्या शेल्फाला मुख्यतः दोन जबड्यांचा क्लॅम्प वापरतात. खालचा जबडा काच पेलतो, वरचा तिला दाबून ठेवतो आणि मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती असते. ही चकती कधी गाळू नये. धातू थेट काचेला लागला की त्या एका बिंदूवर ताण एकवटतो आणि टफन काचसुद्धा एके दिवशी कारण न दिसता फुटते. क्लॅम्पचा स्क्रू हाताने घट्ट झाल्यावर फार तर पाव फेरा द्यायचा. क्लॅम्प काचेच्या जाडीला बसणारा हवा. ५ ते ६ मिमीसाठी बनवलेल्या जबड्यात ८ मिमीची काच कोंबली की चकती सोलून निघते.

हे ब्रॅकेट कोपऱ्यापासून किती अंतरावर लावायचे, याचा विचार फार कमी मिस्त्री करतात. दोन भिंतींवरचे दोन ब्रॅकेट मनात एका रेषेने जोडून पाहावेत. काचेसाठी ती रेषा म्हणजे सी-सॉची दांडी. रेषेच्या मागे ठेवलेले ओझे काचेला कोपऱ्याकडे दाबते, पुढे ठेवलेले ओझे तिला माणसाकडे झुकवते. नऊ इंची गोल शेल्फाला ब्रॅकेट कोपऱ्यापासून चार इंचांवर लावले, तर काचेची पुढची गोल कड त्या रेषेच्या साडेपाच इंच पुढे जाते. काचेच्या स्वतःच्या वजनाचा मध्यसुद्धा रेषेच्या दोन इंच पुढे पडतो. म्हणजे रिकामे शेल्फही रात्रंदिवस पुढे झुकायला बघत असते आणि ब्रॅकेटचे वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढत असते. तेच ब्रॅकेट साडेसात इंचांवर लावले तर पुढची कड रेषेपासून तीनच इंच पुढे राहते आणि काचेचे वजन रेषेच्या किंचित मागे येते. काच तीच, ब्रॅकेट तेच, स्क्रूही तेच, फक्त जागा साडेतीन इंच सरकली. बहुतेक जण कोपऱ्याजवळ ब्रॅकेट नीटनेटके दिसतात म्हणून आत लावतात. ठाण्यातले शेल्फ तसेच, चार इंचांवर लावलेले होते.

जागा असेल तर तिसरा ब्रॅकेट कोपऱ्याजवळ लावावा. तो काचेचे मागचे टोक वर उचलू देत नाही. ब्रॅकेटच्या पट्टीला दोन भोके असावीत आणि ती वर-खाली असावीत, आडवी शेजारी-शेजारी नव्हेत. काच पुढे झुकू लागली की वरचा स्क्रू ओढला जातो आणि पट्टीची खालची कड टाइलवर टेकून राहते. उंच पट्टीला हा विरोध जास्त करता येतो. एकाच स्क्रूवर लटकणारा ब्रॅकेट घेऊ नये, तो फिरतो.

धातूबद्दल थोडक्यात. पितळेवर क्रोमचा मुलामा किंवा ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील हे टिकतात. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव ब्रॅकेट दिसायला तसेच, पण मुलामा उडाला की त्यांच्यावर पांढरी भुकटी येते. चुंबक लावून पारख करण्याची पद्धत इथे फसवते, कारण हलक्या २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. आणि फरशी धुण्याचे अ‍ॅसिड बाथरूममध्ये वापरत असाल तर ३०४ स्टीलवरही तांबूस ठिपके येतात. अ‍ॅसिडचे थेंबच नाही, त्याची वाफसुद्धा स्टील खाते.

भोक पाडताना मात्र घाई करू नये. आधी पाण्याची लाइन कुठून गेली आहे ते पाहावे. मिक्सरपासून शॉवरपर्यंत भिंतीच्या आत सरळ उभा पाइप असतो आणि गिझरकडे जाणाऱ्या दोन लाइनी असतात. नळाच्या बरोबर वर-खाली किंवा त्याच उंचीवर आडव्या रेषेत भोक पाडू नये. ज्यांच्या घरी काम चालू आहे, त्यांनी टाइल लावण्याआधी पाइप उघडे असताना प्रत्येक भिंतीचा टेप लावलेला फोटो काढून ठेवावा. मग बोटाने किंवा नाण्याने टाइल ठोकून पाहावी. भरीव टाइलचा आवाज बोदा येतो, पोकळ टाइल मडक्यासारखी वाजते. मालाचे चार-पाच गोळे ठेवून टाइल चिकटवलेली असेल तर तिच्यामागे पोकळी राहते. तिथे स्क्रू आवळला की टाइल आत दबते आणि तडकते. असे ठिकाण सोडून द्यावे. टाइलच्या कडेपासूनही निदान पाऊण इंच आत राहावे. भाड्याच्या घरात टाइल वाचवण्यासाठी काही जण सांध्यात भोक पाडतात. सांधा असतो दोन-तीन मिलिमीटरांचा आणि भोक सहा मिलिमीटरांचे. एका टाइलऐवजी दोन टाइलांच्या कडा उडतात.

खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही. सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकासारखे कार्बाइडचे बिट पुरते. व्हिट्रिफाइड टाइल फार घट्ट असते, ती अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. तिला हिऱ्याचा मुलामा असलेले बिट लागते आणि सतत पाणी सोडावे लागते, नाहीतर बिट लाल होऊन जळते. दोन्ही टाइलांत मशीनचे हॅमरचे बटण बंदच ठेवायचे. टाइल पार होईपर्यंत नुसते फिरवायचे, हलक्या दाबाने.

त्यानंतर भोकातून काय बाहेर पडते इकडे लक्ष द्यावे. आधी टाइलची भुकटी येते, मग टाइलखालच्या मालाची आणि प्लॅस्टरची करडी. हे थर मिळून सहज एक इंच होतात. आणि मग एकदम लाल भुकटी सुरू होते. तिथून खरी भिंत. त्या लाल भुकटीत निदान दीड इंच आत जायचे. लाल रंग आलाच नाही, बिट खडूत शिरावे तसे सरसर आत गेले आणि फिकट हलकी भुकटी पडली, तर भिंत एएसी ब्लॉकची आहे, जिला बरेच मिस्त्री सिपोरेक्स म्हणतात. तिथे हॅमर अजिबात वापरायचे नाही आणि साधी गिट्टी चालत नाही. अशा ब्लॉकसाठी बनवलेली रुंद आट्यांची लांब गिट्टी घ्यावी किंवा भोकात रेझिनचा अँकर बसवावा. भुकटी करडीच राहिली आणि बिट पुढे सरकेनासे झाले तर काँक्रीटची भिंत. टाइल पार झाल्यावर तिथे हॅमर चालू करायला हरकत नाही. खणखणीत धातूचा आवाज आला तर सळई लागली आहे, भोक सरकवावे.

गिट्टी बसवताना एक बारीक गोष्ट सगळे चुकवतात. गिट्टीचे तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी ठेवायचे नाही. ती खिळ्याने आणखी आत ढकलून टाइलच्या मागे न्यायची. स्क्रू शिरला की गिट्टी फुगते. ती विटेत फुगली तर पकडते, टाइलच्या जाडीत फुगली तर टाइल भोकापासून कडेपर्यंत तडकवते. कधी ही चीर लगेच दिसते, कधी चार महिन्यांनी केसासारखी उमटते.

आता लांबीचा हिशेब. पट्टी ३ मिमी, टाइल ८, तिच्यामागचा माल आणि प्लॅस्टर मिळून १७. विटेपर्यंत पोहोचायलाच २८ मिलिमीटर लागले. ब्रॅकेटच्या पुडीत येणारा स्क्रू एक इंचाचा, म्हणजे २५ मिलिमीटरांचा असतो. तो विटेला शिवतच नाही. अडीच इंचाचा, साधारण ६३ मिलिमीटरांचा स्क्रू घेतला तर त्यातला ३५ मिलिमीटर भाग विटेत जातो. त्याला साजेशी दोन इंची नायलॉनची गिट्टी मिळते.

ठाण्यातल्या घरात तिसऱ्या खेपेला दुसरा मिस्त्री आला. त्याने जुनी भोके इपॉक्सी ग्राउटने बुजवली. मिक्सर डाव्या भिंतीवर कोपऱ्यापासून दीड फुटावर होता. नवी भोके साडेसात इंचांवर येणार होती, त्यामुळे उभा पाइप लांब राहिला. त्याने दोन्ही खुणा पाणसळीने एका पातळीत आणल्या. "काकू, जरा भुकटी बघा," म्हणून त्याने चिकटपट्टीखाली घडी घालून लावलेला कागद पुढे केला. कागदात आधी पांढरी, मग करडी आणि शेवटी विटकरी रंगाची भुकटी पडली होती. भोक फुंकून स्वच्छ केले, आत थोडे न्यूट्रल सिलिकॉन सोडले आणि गिट्टी आत ढकलली. भिजणाऱ्या भिंतीतले प्रत्येक भोक पाण्याला वाट करून देते आणि ओल पलीकडच्या खोलीत उमटते, म्हणून हे सिलिकॉन लागतेच. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूला गंज आणते, ते टाळावे. अडीच इंचाचे ८ नंबरचे स्टेनलेस स्क्रू बसले. काच तीच ८ मिमीची टफन, चकत्या नव्या. शेल्फ एक दिवस रिकामे ठेवले.

त्याच दिवशी काकूंनी शॉवरजवळ वेगळा स्टीलचा दांडा बसवून घेतला, कारण शेल्फ कितीही नीट बसले तरी ते धरून उभे राहण्यासाठी नसते. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत त्यांनी हा दांडा आधी लावावा, शेल्फ नंतर.

तुमच्या घरी शेल्फ आधीपासून असेल तर आज त्यावरचे सामान काढून काचेची पुढची कड दोन बोटांनी हलकेच वर-खाली हलवून पाहा. ब्रॅकेटची पट्टी टाइलपासून जराही सुटताना दिसली, किंवा स्क्रूखालून तांबूस ओघळ आलेला असेल, तर काच उतरवून ठेवा. आणि नवे घेत असाल तर पुडीतले स्क्रू बाजूला ठेवून दुकानदाराकडे अडीच इंची स्टेनलेस स्क्रू वेगळे मागा.